काम झाल्यावर क्लायंट पैसे कमी करा म्हणतोय, उत्तर कसं लिहू?

प्रश्न: पिंपळगावच्या एका बेदाणा व्यापाऱ्याला आठ पाऊचची डिझाइन करून दिली. कोटेशन ३६,००० चं, अर्धे ॲडव्हान्स मिळाले, फायनल फाइलही दिल्या. आता शेठ म्हणतात, ‘काम झकास झालंय, पण थोडं कमी करा, २८ मध्ये फायनल करू.’ मला कमी करायचे नाहीत आणि माणूसही तोडायचा नाही. हा माझा मसुदा, जरा सुधारून द्या:

‘सॉरी शेठ, पण मला जमेल असं वाटत नाही. मी आधीच खूप कमी रेट लावला होता. दोनदा बदल ठरले होते, मी चार वेळा करून दिले. माझंही ऑफिसचं भाडं, घरखर्च आहे. तरी तुम्ही म्हणत असाल तर थोडंफार बघू. प्लीज समजून घ्या.’

उत्तर:

मी नाशिकलाच शरणपूर रोडवर साइनबोर्ड आणि पॅकेजिंगचं काम करते. असा मेसेज वर्षातून पाच-सहा वेळा तरी येतो, त्यामुळे तुमचा मसुदा वाचताना माझेच जुने मेसेज आठवले.

आधी एक हिशोब करा. आठ हजार म्हणजे ३६,००० च्या मानाने साधारण बावीस टक्के, म्हणून मागणी फार मोठी वाटत नाही. पण अर्धे पैसे आधीच आले आहेत. तुमचे यायचे राहिलेत १८,०००, आणि त्यातले आठ सोडा असं शेठ म्हणतायत. म्हणजे बाकीच्या रकमेतले चव्वेचाळीस टक्के. हा आकडा शेठना सांगायचा नाही, पण उत्तर लिहिताना तुमच्या डोळ्यांसमोर असू द्या. ‘जाऊ दे, थोडंच तर आहे’ असं मनात यायला लागतं तेव्हा तो उपयोगी पडतो.

आता मसुदा. शेठ हा मेसेज गाडीत किंवा खळ्यावर उभ्या उभ्या वाचणार. त्यांना यातलं एकच वाक्य दिसेल: ‘थोडंफार बघू.’ बाकी पाच वाक्यांनी नाही म्हटलं तरी या एका वाक्याने होकार दिला आहे, आणि पुढची बोलणी किती कमी करायचे एवढ्यावरच होतील. ही ओळ सर्वांत आधी काढा.

‘आधीच खूप कमी रेट लावला होता’ हेही काढा. त्यावर शेठ सरळ विचारू शकतात, मग खरा रेट किती होता? ३६,००० ही कामाची खरी किंमत होती, तिचं समर्थन करायची गरज नाही. घरखर्च आणि भाड्याचंही तेच. शेठनाही मजुरी आहे, कोल्ड स्टोरेजचं भाडं आहे. तुमच्या गरजेवर किंमत ठरली असं दिसलं, तर त्यांच्या गरजेवर ती उतरायलाही हवी, असं बोलणं सुरू होतं.

चार वेळा बदलांची ओळ काढताना तुम्हाला जड जाईल, कारण ती खरी आहे. दोन फेऱ्या जास्तीच्या तुम्ही फुकट केल्या. पण ते तेव्हाच, तिसऱ्या फेरीच्या आधी, सांगायला हवं होतं. आता सांगितलं की तक्रारीसारखं ऐकू येतं, आणि काम झकास म्हणणाऱ्या माणसाला आपण उपकार मोजून दाखवतोय असं होतं. ती माहिती हातात ठेवा. शेठ अगदीच अडून बसले तर एकदा, न चिडता, वापरता येईल.

उरलं पहिलं वाक्य. याच्यावर जरा थांबते, कारण आपल्या भाषेत नकाराचा सगळा खेळ क्रियापदात असतो. ‘जमेल असं वाटत नाही’ हा नकार नाहीच, तो अंदाज आहे, आणि अंदाज बदलता येतो. ‘मी कमी करणार नाही’ म्हटलं तर हट्ट दिसतो, समोरच्याच्या मानावर जातं. यांच्या मधे ‘कमी करता येणार नाही’ आहे. त्यात ‘मी’ नाही, म्हणून भांडण नाही. ‘वाटत’ नाही, म्हणून फटही नाही. मी इतकी वर्षं हेच वाक्य वापरते.

तसंच ‘मी सांगितलेली रक्कम’ न लिहिता ‘आपण ठरवलेली रक्कम’ लिहा. आपण म्हटलं की त्यात शेठही आले. ती किंमत तुमची एकट्याची राहत नाही, दोघांच्या सौद्याची होते. सौदा ठरल्यावर भाव पाडणं म्हणजे काय, हे आपल्या भागात कोणाला शिकवायला नको. द्राक्षाच्या बागेत ठरलेला भाव माल उतरल्यावर कमी झाला की शेतकऱ्याचं काय होतं, हे शेठ तुमच्यापेक्षा जास्त जाणतात. पण हा दाखला मेसेजमध्ये अजिबात घालू नका. तो टोमणा होईल. ‘आपण ठरवलेली’ एवढ्या दोन शब्दांत त्यांना कळेल.

‘पण’सुद्धा टाळा. ‘काम आवडलं, आनंद झाला, पण…’ असं लिहिलं की आधीचा आनंद खोटा वाटतो. कौतुकाचं वेगळं वाक्य करा, पूर्णविराम द्या, आणि पैशांचं पुढच्या परिच्छेदात सुरू करा. ‘सॉरी’ची गरज नाही, कारण तुमच्याकडून चूक झालेली नाही. ‘प्लीज समजून घ्या’ ही विनवणी आहे, तिच्या जागी तारीख आणि रक्कम येऊ द्या.

हे सगळं करून मी असं पाठवलं असतं:

‘नमस्कार शेठ, पाऊच आवडले हे ऐकून बरं वाटलं. सिलिंडर बनवताना प्रिंटरला फाइलमध्ये काही अडलं तर त्यांना थेट माझा नंबर द्या, मी बघून देतो.

रकमेचं म्हणाल तर आठ पाऊचचे ३६,००० हे आपण कोटेशनमध्येच ठरवले होते आणि काम त्याप्रमाणे पूर्ण झालं आहे. त्यात कमी करता येणार नाही.

बाकी १८,००० शुक्रवारपर्यंत त्याच खात्यावर पाठवा. एकदम अडचण असेल तर ९,००० या शुक्रवारी आणि ९,००० पुढच्या शुक्रवारी केलेत तरी चालेल.’

सिलिंडरची ओळ नुसती गोडीसाठी नाही. अशा पाऊचच्या छपाईला प्रत्येक रंगाचा वेगळा सिलिंडर कोरावा लागतो. एकदा तो कोरला की अक्षर बदलायचं म्हटलं तरी पुन्हा खर्च येतो. शेठना या टप्प्यावर तुमची खरोखर गरज लागू शकते, आणि तुम्ही ती मदत पैशांच्या बोलण्याआधीच देऊ केली आहे. माणूस तुटू नये म्हणून जे करायचं ते इथे होतं, किमतीत नाही. हप्त्यांचंही तसंच. शेठची अडचण खरंच रोकडीची असेल तर तिला वाट मिळते, आणि रकमेला हात लागत नाही.

बिल जीएसटी लावून काढलं असेल तर कोणीतरी सल्ला देईल, ‘बिल झालंय, आता बदलता येत नाही असं सांगा.’ ते खरं नाही. क्रेडिट नोट काढून रक्कम कमी दाखवता येते, आणि शेठच्या सीएला हे माहीत असणारच. खोटं कारण उघडं पडलं की खरं कारणही ऐकलं जात नाही.

यावर बहुतेक फोन येईल. ‘अहो, पुढची सगळी कामं तुम्हालाच देणार आहे.’ इथेच आपण घसरतो. मी एकदा घसरले होते. एका हॉटेलच्या बोर्डांचं चाळीस हजारांचं काम होतं, शेवटी पाच हजार सोडले. पुढचं काम आलं खरं, पण बोलणी ‘मागच्या वेळचे पस्तीस’ इथून सुरू झाली, आणि त्यातूनही कमी करा म्हणाले. पुढच्या कामाच्या नावावर या बिलात काही सोडू नका, आणि पुढच्या बिलात इतके सोडतो असा शब्दही आत्ता देऊ नका. एवढंच म्हणा: ‘पुढचं काम आलं की त्याचं कोटेशन त्या वेळी देतो. या बिलाचे तेवढे शुक्रवारपर्यंत पाठवा.’ नवं कारण जोडू नका. प्रत्येक नव्या कारणावर नवी घासाघीस होते, तेच वाक्य शांतपणे दुसऱ्यांदा म्हटलं की बोलणं लवकर संपतं. फोन ठेवल्यावर लगेच एक ओळ टाका: ‘आत्ता बोललो त्याप्रमाणे १८,००० शुक्रवारी.’ तोंडी बोलण्यातून दोघांनी वेगवेगळा अर्थ काढण्याची शक्यता यामुळे राहत नाही.

हे सगळं कधी चालत नाही तेही सांगते. कामात खोट असेल, तर किंमत धरून बसणं चूक आहे. म्हणून शंका असेल तेव्हा आधी विचारावं, ‘शेठ, कामात काही राहिलंय का?’ उत्तरात एखादी ठरावीक गोष्ट आली, नेट वजन चुकलं, रंग प्रूफसारखा आला नाही, तारीख हुकली, तर ती तक्रार आहे आणि आधी ती निस्तरायची. नुसतं ‘बजेट नाही’, ‘सगळेच करतात’ आलं तर ती घासाघीस. माझ्याकडून एकदा दुकानाचा बोर्ड पाडव्यानंतर चार दिवसांनी लागला होता. उद्घाटन बोर्डाविनाच झालं. मालकांनी मागायच्या आधी मीच तीन हजार कमी केले, आणि बिलावर उशिराबद्दल असं लिहिलं, म्हणजे ती सवलत पुढच्या कामाचा दर झाली नाही. तुमच्या शेठनी स्वतःच काम झकास म्हटलंय, त्यामुळे तुमच्याकडे हा प्रश्न नाही.

शुक्रवारी पैसे आले नाहीत तर शनिवारी सकाळी साधी आठवण करा. उद्यम नोंदणी असेल तर २००६ च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे लेखी मुदत ठरलेली असली तरी ४५ दिवसांच्या आत पैसे देणं खरेदीदाराला बंधनकारक आहे, आणि त्यानंतर व्याज लागतं. पण पहिल्या, दुसऱ्या मेसेजमध्ये कायदा काढू नका. शेठनी नाही म्हटलेलं नाही, फक्त भाव केला आहे.

पुढच्या वेळी छपाईची फायनल फाइल बाकी पैसे जमा झाल्यावरच द्या, तोपर्यंत वॉटरमार्क टाकलेली पीडीएफ, आणि हे कोटेशनमध्येच लिहा. सिलिंडरवाला फाइल मागत असतो तेव्हा पैसे कमी करा असे मेसेज फारसे येत नाहीत.