ताईच्या लग्नाचे पैसे ओडीतून काढू नकोस

प्रिय पोरा,

तुझा मेसेज दोनदा वाचला. दुकानासाठी लोन घेऊ की ओडी, म्हणजे बँकेची ओव्हरड्राफ्ट लिमिट, एवढाच प्रश्न असता तर फोनवरच सांगितलं असतं, पण शेवटी तू हळूच लिहिलंयस की ओडी मिळाली तर ताईच्या लग्नाचंही त्यातच भागेल, आणि तिथेच माझं डोकं फिरलं.

आधी हिशोब बघ. दिवाळीसाठी तुला ४ लाखांचा कपडा भरायचाय, दोन महिन्यांत विकून पैसे परत येणार. १३ टक्क्यांची ओडी ६० दिवस पूर्ण वापरलीस तरी व्याज साडेआठ हजारांच्या आसपास, कारण व्याज रोजच्या बाकीवर लागतं, रोजचा गल्ला भरत गेलास तर अजून कमी. तेच ४ लाखांचं तीन वर्षांचं लोन १२ टक्क्यांनी घेतलंस तर दर कमी दिसतो पण हप्ता तेरा हजारांच्या वर, आणि आषाढात गिऱ्हाईक फिरकत नाही तेव्हाही भरायचा, एकूण व्याज ७८ हजार. माल फिरतो तिथे ओडी. रॅक, फर्निचर, एसी यांचे पैसे दोन महिन्यांत सुटत नाहीत, त्यांना लोनच बरं.

आता लग्न. समज दीड लाख ओडीतून काढलेस. कपडा विकला की कपड्याचे पैसे परत येतात, लग्नाचे कुठून येणार? ते दीड लाख खात्याच्या तळाशी बसतात, वर्षाला साडेएकोणीस हजार व्याज खातात, आणि पुढच्या दिवाळीला ५ लाखांच्या लिमिटमध्ये मालासाठी उरतात साडेतीनच. स्टेटमेंटमध्ये सीझन संपल्यावरची सगळ्यात कमी बाकी बघायची, ती जिथून खाली येतच नाही तेवढं घर दुकानात घुसलंय समजायचं. बरं, मालावरची लिमिट असेल, म्हणजे सीसी, तर दर महिन्याला स्टॉक स्टेटमेंट द्यावं लागतं, २५ टक्के मार्जिन धरलं तर ४ लाखांच्या मालावर ३ लाखच उचलता येतात, त्यातही उधारीवर आणलेला माल वजा. लग्नाचा मांडव स्टॉकमध्ये दाखवणारेस का? शिवाय घरासाठी उचललेल्या पैशाचं व्याज धंद्याचा खर्च म्हणून इन्कम टॅक्सला धरता येत नाही.

दुकानाचं कर्ज दुकानातच राहू दे. घरासाठी वेगळं पर्सनल किंवा गोल्ड लोन काढ, महाग पडलं तरी चालेल, त्याला शेवटचा हप्ता तरी असतो. तो हप्ता, घरखर्च, सगळं दुकानातून महिन्याला ठरलेली उचल घेऊन स्वतःच्या सेव्हिंगमधून भागव.

धाकट्या भावाने फ्लॅट घेतला तेव्हा माझी लिमिट जवळजवळ मोकळी होती, तरी मी त्यातून पैसे दिले नाहीत, बायकोच्या पाटल्या गहाण ठेवून दिले, ते त्याला कमी पडले आणि तो आजही टोचून बोलतो. वाईट वाटतं रे, दिवाळीला येणंजाणं उरलं नाही. पण त्याच वर्षी व्यापाऱ्याने रोखीवर सूट दिली तेव्हा माल उचलता आला तो त्यामुळेच, आणि परत तशी वेळ आली तरी मी तेच करीन, कोण काय म्हणायचं ते म्हणो.

सोमवारी बँकेत जाशील तेव्हा दरवर्षीचा रिन्यूअल चार्ज किती, आणि लिमिट वापरली नाही तर काही कापतात का, एवढं विचारून ये. आणि लग्नाचं ताईशी बोल, खर्च किती करायचा हे तिला विचारलंयस तरी का?

तुझा काका