आधी फेज २ पक्की कर

हृदयाच्या वेंट्रिकलमधल्या पेशीच्या अ‍ॅक्शन पोटेन्शियलच्या फेज ० ते ४ ओळीने पाठ करू नकोस, आधी फेज २ धर. फेज ० मध्ये सोडियम आत घुसतं, फेज १ मध्ये थोडं पोटॅशियम बाहेर जातं, तेवढं पुरे. फेज २ मध्ये एल-टाइप चॅनेलमधून कॅल्शियम आत येतं आणि तितकंच पोटॅशियम बाहेर जातं, म्हणून व्होल्टेज शून्याजवळ सुमारे २०० मिलिसेकंद टिकतं. कॅल्शियम चॅनेल मिटले की पोटॅशियमची सरशी होते, तीच फेज ३. फेज ४ मधलं -९० मिलिव्होल्ट IK1 हा पोटॅशियमचा प्रवाह सांभाळतो.

आता सोटालॉल हे हृदयाच्या लयीवरचं औषध देऊन बघ. IKr हा फेज ३ मधला पोटॅशियमचा प्रवाह अडतो, फेज ३ लांबते, ईसीजीवर क्यूटी वाढतो. रेंगाळलेल्या व्होल्टेजवर कॅल्शियम चॅनेल पुन्हा उघडतात आणि त्यातून टोर्साद ही हृदयाची धोकादायक लय सुरू होऊ शकते. नाडी मंद असेल तर धोका जास्त, हे विसरू नकोस.