सराफाच्या करारातली ‘दुसऱ्याचं काम नको’ ही अट

प्रश्न: मी जळगावात फ्रीलान्स ग्राफिक डिझायनर आहे. इथल्या एका सराफी पेढीने सोशल मीडिया आणि जाहिरातींचं काम महिना २५ हजाराने देऊ केलंय. पण करारात लिहिलंय की करार चालू असताना आणि संपल्यावर २ वर्षं महाराष्ट्रात कुठल्याही दागिन्यांच्या दुकानाचं काम करायचं नाही, मोडलं तर ५ लाख दंड. सध्या धुळे, भुसावळ आणि चाळीसगावच्या तीन सराफांकडून मला अनुक्रमे ६, ५ आणि ३ हजार मिळतात. सही करू का?

आहे तशा कागदावर सही करू नका, पण काम सोडायचीही गरज नाही. त्या एका वाक्यात तीन वेगळ्या अटी एकमेकींत गुंतवल्यात: करार चालू असतानाची बंदी, करार संपल्यानंतरची बंदी आणि दंड. पहिलीवर घासाघीस करायची, दुसरी नाकारायची, तिसरी जमिनीवर आणायची. बोलायला बसाल तेव्हा शेठना आधी हे तीन तुकडे वेगळे करून दाखवा, नाहीतर चर्चा ‘सही करतो की नाही’ यावरच अडून बसते.

आधी दुसरी, कारण नुकसान तिच्यात सगळ्यात मोठं आहे. भारतीय करार कायदा १८७२ च्या कलम २७ प्रमाणे कुणाला कायदेशीर धंदा, पेशा करण्यापासून रोखणारा करार तेवढ्यापुरता रद्दबातल असतो. कलमातच सांगितलेला अपवाद आहे तो चालता धंदा त्याच्या नावलौकिकासह विकण्याचा. तुम्ही धंदा विकत नाही, काम विकताय. क्रिकेटपटू झहीर खानच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये हेच लावलं. त्याचं काम पाहणाऱ्या कंपनीने करारात लिहून घेतलं होतं की मुदत संपल्यावर दुसऱ्या कुणाशी करार करण्याआधी तो प्रस्ताव आम्हाला दाखवायचा आणि आम्ही तेवढेच पैसे दिले तर आमच्याकडेच राहायचं. मुदतीनंतर ही अट लागू करता येत नाही, असं न्यायालयाने म्हटलं. म्हणजे सरळ बंदीच नव्हे, ‘आधी आम्हाला विचारा’ एवढी मवाळ दिसणारी अटसुद्धा मुदतीनंतर टिकली नाही. तुमच्या कागदात असं काही दुसऱ्या पानावर दडलंय का, तेही बघा.

यावर कुणीतरी सांगेलच की कोर्टात टिकत नाही ना, मग कर सही, काय बिघडतं. बिघडतं ते कोर्टाच्या बाहेर. दीड वर्षाने धुळ्याच्या सराफाला वकिलाची नोटीस जाते आणि तो म्हणतो, ‘भाऊ, आम्हाला भानगड नको.’ किंवा शेवटचे दोन महिन्यांचे पैसे ‘तू अट मोडलीस’ म्हणून अडकवले जातात. अट रद्दबातल आहे हे सिद्ध करायला तुम्हाला जेवढा खर्च येईल, त्यापेक्षा अडकलेली रक्कम कमी असते, म्हणून माणूस गप्प बसतो. आता तुमचेच आकडे घ्या. तीन सराफांचे मिळून महिना १४ हजार, २ वर्षांचे होतात ३ लाख ३६ हजार. आणि शेठनी पहिल्याच महिन्यात करार थांबवला तर तुमच्या हातात आलेले असतील २५ हजार.

करार चालू असतानाची बंदी मात्र वेगळी. ती कायद्यात बऱ्यापैकी टिकते, म्हणून तिथे ‘कोर्टात बघू’ चालत नाही. कल्याणच्या टायर-कॉर्डच्या कारखान्यातल्या एका सुपरवायझरने ५ वर्षांचा करार अर्ध्यात सोडून कोट्याच्या स्पर्धक कारखान्यात नोकरी धरली होती. उरलेल्या मुदतीपुरती त्याला मनाई झाली आणि सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्ये ती कायम ठेवली. ते नोकरीचं प्रकरण होतं, पण चालू मुदतीतली वाजवी बंदी चालते हे तत्त्व दोन व्यावसायिकांच्या करारालाही लागतं. त्यामुळे इथे जे लिहाल ते पाळायचंच, असं धरून लिहा.

आता शेठ नेमके कशाला घाबरताहेत ते बघा. त्यांना नंदुरबारच्या किंवा नाशिकच्या दुकानाशी देणंघेणं नसतं. भीती असते ती आखाजीला किंवा धनत्रयोदशीला मजुरीवर किती सूट द्यायची हे शेजारच्या पेढीला आठ दिवस आधी कळण्याची, आणि त्यांच्यासाठी केलेलं डिझाइन रंग बदलून समोरच्या दुकानावर झळकण्याची. दोन्ही रास्त आहेत. पण त्यासाठी अख्खा महाराष्ट्र बंद करायची गरज नाही. अट तीन बाजूंनी आवळा: कुठे, कुणासाठी, कुठलं काम.

‘महाराष्ट्र’च्या जागी ‘जळगाव शहर’ घाला. ‘कुठलंही दागिन्यांचं दुकान’ऐवजी शेठना ज्यांची काळजी आहे त्या तीन-चार पेढ्यांची नावं त्यांनाच लिहायला सांगा. नावं लिहायला बसलं की यादी आपोआप आखूड होते. आणि ‘काम’ म्हणजे सोशल मीडिया व जाहिरात एवढंच. नाहीतर एखाद्या सराफाच्या मुलीची लग्नपत्रिका केली तरी अट मोडली असं म्हणता येईल. ‘प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष’, ‘नातेवाईक अथवा भागीदारामार्फत’ असे शब्द असतील तर ते खोडा. तुमचा चुलतभाऊ कुणाचे फोटो काढतो याची जबाबदारी तुम्ही घेऊ नये.

तुमची तिन्ही गिऱ्हाइकं शहराबाहेरची आहेत हे लक्षात घ्या. अट जळगाव शहरापुरती झाली तर तुमचा एक रुपयाही जात नाही, म्हणून तिच्यासाठी जादा पैसे मागू नका, आनंदाने द्या. शेठ बहुतेक भुसावळवर अडतील. तिथली गिऱ्हाइकं सोनं घ्यायला जळगावला येतात, त्यामुळे त्यांचा मुद्दा खोटा नाही. तिथे हिशेब मांडा. भुसावळचे ५ हजार सुटले तर तेवढा वेळ मोकळा होतो, पण रावेर-सावद्याच्या केळी निर्यातदाराच्या खोक्याचं किंवा एखाद्या क्लासचं काम त्या जागी लगेच येत नाही. निम्मं भरून निघेल असं धरलं तरी खड्डा अडीच हजारांचा. म्हणून मागताना २९ हजार मागा आणि साडेसत्तावीसच्या खाली येऊ नका. शेठ संपूर्ण महाराष्ट्रावरच ठाम राहिले तर १४ हजार जातात, त्याच हिशेबाने ७ हजारांचा खड्डा पडतो, म्हणजे ३२ हजारांखाली ते काम २५ हजारांचं राहतच नाही.

पैशापेक्षा मुदत जास्त महत्त्वाची आहे, आणि लोक इथेच फसतात. भुसावळचा माणूस तुम्ही आज सोडला आणि शेठनी दिवाळीनंतर काम थांबवलं, तर तो तुमची वाट बघत बसलेला नसतो. म्हणून बंदीच्या बदल्यात किमान ६ महिन्यांचं काम आणि ६० दिवसांची नोटीस लिहून घ्या. नोटीस दोन्ही बाजूंना सारखी हवी. त्यांना ७ दिवस आणि तुम्हाला ६० असला कागद बऱ्याचदा समोर येतो. आणखी एक ओळ घाला: एखाद्या महिन्याचं बिल १५ दिवसांपेक्षा जास्त थकलं तर ते मिळेपर्यंत बंदी लागू नाही.

सगळं जुळलं तर मजकूर साधारण असा होईल:

‘करार चालू असेपर्यंत डिझायनर जळगाव शहरातील, परिशिष्ट अ मध्ये नावे दिलेल्या पेढ्यांसाठी सोशल मीडिया व जाहिरातीचे काम करणार नाही. परिशिष्ट ब मधील सध्याच्या ग्राहकांना ही अट लागू नाही. करार कोणत्याही कारणाने संपताच ही अट संपेल.’

परिशिष्ट ब मध्ये धुळे आणि चाळीसगावच्या दुकानांची नावं सही करण्याआधी घाला, भुसावळचं टिकलं तर तेही. नंतर ‘तेव्हा तोंडी बोललो होतो’ म्हणून काही उपयोग होत नाही. शेवटचं वाक्य इंग्रजी करारातही याच अर्थाने आलंच पाहिजे, कारण ‘कोणत्याही कारणाने’ नसेल तर तुम्ही सोडलं की त्यांनी सोडलं यावर वाद होतो.

मुदतीनंतरची बंदी काढताना शेठना रिकाम्या हाताने पाठवू नका. त्यांची खरी भीती गुप्ततेच्या अटीने मिटते आणि ती तुम्ही बिनधास्त स्वीकारू शकता: जाहीर न झालेल्या सवलती, भिशीच्या योजना, गिऱ्हाइकांचे नंबर कुणाला सांगणार नाही, आणि त्यांचं पैसे दिलेलं डिझाइन दुसऱ्याला विकणार नाही. फक्त ‘जाहीर न झालेल्या’ हे शब्द राहू द्या. पेपरात छापून आलेली सूट गुपित नसते. तुमची स्टाइल, तुमचे फॉन्ट निवडायचे ठोकताळे हे त्यांच्या मालकीचे होत नाहीत, तेही एका ओळीत लिहिलेलं बरं.

(हेच काम पुण्याच्या एजन्सीमार्फत आलं असतं तर एजन्सीने ‘आमच्या गिऱ्हाइकाकडे परस्पर जाऊ नका’ म्हटलं असतं. ज्या गिऱ्हाइकांचं काम तुम्ही खरंच केलंत त्यांची नावं लिहून, ६ महिन्यांपुरती, ती अट मी वाजवी धरतो. गिऱ्हाईक परदेशातलं आणि करार तिकडच्या कायद्याखाली असेल तर मात्र कलम २७ चा आधार गृहीत धरू नका.)

राहिला दंड. कलम ७४ प्रमाणे करारात आकडा लिहिला म्हणून तो पूर्ण मिळतोच असं नाही, तो कमाल मर्यादा असतो आणि कोर्ट त्याच्या आत वाजवी भरपाई ठरवतं. तरी ५ लाख म्हणजे तुमचे २० महिन्यांचे पैसे, आणि धमकीसाठी तेवढा आकडा पुरतो. तो खोडून ‘एका महिन्याच्या मोबदल्यापर्यंत, आणि चूक लेखी कळवून १५ दिवसांत न सुधारल्यासच’ असं करा. न्यायक्षेत्र जळगाव आहे ना, एवढंही पाहा.

हे सगळं तोंडी पटलं की त्याच दिवशी ठरलेले मुद्दे शेठना व्हॉट्सअॅपवर पाठवून ‘बरोबर आहे ना?’ विचारा, उत्तर येईपर्यंत पहिलं पोस्टसुद्धा करू नका. नवा कागद टाइप करायचा कंटाळा केला आणि जुन्यावरच दुरुस्ती झाली, तर प्रत्येक खोडलेल्या ओळीशेजारी तुमची आणि शेठची, दोघांची छोटी सही तारखेसह घ्या, आणि ती दोन्ही प्रतींवर घ्या. एकाच प्रतीवर खोडलेली ओळ दुसऱ्या प्रतीत जिवंतच राहते.