समोरचे केस फारच छोटे कापले गेले, आता काय करू?

"तालुक्याच्या पार्लरमध्ये फ्रिंज कापली, ती भुवईच्या दोन बोटं वर गेली. पंधरा दिवसांनी बहिणीचं लग्न आहे. लपवता येईल का?"

येईल. फक्त ती आणखी कापून 'सारखी' करायला जाऊ नका. ओले केस ताणून कापले की वाळल्यावर वर चढतात, तुमचं बहुतेक तेच झालं असावं.

लग्नाच्या दिवशी त्या केसांना तेल लावू नका, पिना घसरतात. मुळं पाण्याने ओली करा, भांग एका बाजूला घ्या. भांगाजवळून थोडे लांब केस घ्या, त्यात फ्रिंज मिसळून कपाळाच्या कडेने कानाकडे पीळ देत न्या. कानाच्या वर दोन काळ्या पिना फुलीसारख्या लावा. पिनेची नागमोडी बाजू डोक्याकडे हवी. बहुतेक जणी उलटी लावतात, मग पीळ सुटतो. मधूनच तोकडी टोकं उभी राहिली तर बोटावर कोरफडीचा थोडासा गर घेऊन ती चापून बसवा. जास्त लावला तर वाळून पांढरे पापुद्रे दिसतात. त्यावर गजरा किंवा बिंदी आली की कोणाला कळत नाही.

केस महिन्याला साधारण 1 ते सव्वा सेंमी वाढतात. म्हणजे भुवईपर्यंत यायला तीनेक महिने लागतील. तोवर मधला भाग कापूच नका. भुवईला आल्यावर, केस वाळलेले असताना, फक्त दोन्ही कडा तिरप्या करून घ्या. मग ते बाजूच्या केसांत मिसळतात.