गणिताच्या धास्तीने शाळा सोडायची असेल तर

‘मुलगा नववीत, मराठी माध्यम, वय साडेचौदा. डिस्कॅल्क्युलिया, म्हणजे गणित शिकण्यातली अडचण, असल्याचं प्रमाणपत्र आहे. गणितामुळे शाळेत जायलाच तयार नाही, बाकीचे विषय बरे आहेत. शाळेतून काढून ओपन स्कूलमधून दहावी करून घ्यावी म्हणते. काय काय करावं लागेल?’ – एक आई, सांगली

ताई, शाळा सोडल्याचा दाखला आत्ताच काढू नका. नववीचा निकाल लागू द्या. ‘नववी उत्तीर्ण’ असा शेरा असेल, तर मन बदलल्यावर दुसऱ्या शाळेत दहावीला बसवता येतं. मधूनच काढलं तर ती सोय राहत नाही. तोवर मुख्याध्यापकांना एक विचारा: राज्य मंडळ अशा मुलांना गणितात सवलत देतं, तिचा प्रस्ताव शाळा पाठवेल का? त्यावर भागत असेल तर शाळा सोडायचं कारणच उरत नाही.

नाहीच भागलं, तर १७ नंबरच्या फॉर्मच्या नादी लागू नका. त्यात शाळा सुटते, पण परीक्षा राज्य मंडळाचीच असते. तुम्हाला हवं ते एनआयओएसमध्ये, म्हणजे केंद्र सरकारच्या ओपन स्कूलमध्ये आहे. तिथे दहावीला पाच विषय लागतात, त्यात किमान एक भाषा हवी, आणि गणित सक्तीचं नाही. वयाची अट १४ पूर्ण, ती तो पार करतो. मराठी (२०४), इंग्रजी (२०२), सामाजिक शास्त्र (२१३), गृहविज्ञान (२१६) आणि चित्रकला (२२५) असा संच त्याला जमण्यासारखा वाटतो. फॉर्म भरण्याआधी प्रत्येक विषयाचं मराठी पुस्तक मिळतंय का ते बघा. मात्र गणित-विज्ञान सोडलं की अकरावी सायन्स आणि पॉलिटेक्निकची वाट जवळपास बंद होते. हे त्याच्याशीच बोला, त्याच्या माघारी ठरवू नका.

दाखला हातात आल्यावर तिथेच उभं राहून वाचा. नाव, जन्मतारीख, जात. आधारवर ‘सुनिल’ आणि दाखल्यावर ‘सुनील’ असेल तर त्याच दिवशी दुरुस्तीचा अर्ज द्या, पुढे जात पडताळणीत हाच कागद लागतो.

प्रवेश sdmis.nios.ac.in वर स्वतः घेता येतो. ‘पास करून देतो’ म्हणणाऱ्या एजंटला एक रुपयाही देऊ नका. अभ्यासकेंद्र निवडताना मात्र आधी तिथे जाऊन या. गृहविज्ञान आणि चित्रकलेचं प्रात्यक्षिक खरंच घेतात का, हे विचारा. प्रात्यक्षिकात वेगळं पास व्हावं लागतं, आणि मुलं अडकतात ती बहुधा इथेच.

प्रवेश पाच वर्षं चालतो, नऊ संधी मिळतात. उन्हाळ्यात प्रवेश घेतला की पहिली परीक्षा पुढच्या एप्रिल-मेमध्ये. तेव्हा तीन विषय आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात दोन, असं केलं तर ओझं हलकं होतं, पण त्या वर्षीचे अकरावीचे प्रवेश तोवर होऊन गेलेले असतात. त्याला वर्षाची घाई नसेल तर मी हाच मार्ग घ्यायला सांगेन.

दोन गोष्टी कॅलेंडरवर लिहून ठेवा. गृहपाठाला, म्हणजे टीएमएला, २० टक्के वजन असतं आणि तो मुदतीतच द्यावा लागतो. आणि परीक्षा फी प्रवेश फीमध्ये धरलेली नसते. प्रत्येक वेळी वेगळा फॉर्म भरून ती भरायची, नाहीतर हॉल तिकीट येत नाही.