डार्क मोड, नाइट लाइट सगळं चालू करूनही रात्री ब्राइटनेस कमी केला की मोबाइलने डोळे दुखतात, डोकं जड होतं. दिवसा तोच फोन त्रास देत नाही. असं का?

तुमच्या फोनची स्क्रीन ओलेड असेल, तर पहिला संशय लुकलुकण्यावर घ्या. बऱ्याच ओलेड स्क्रीन एका पातळीच्या खाली प्रकाश मंद करत नाहीत, तो भराभर चालू-बंद करतात. याला पल्स विड्थ मॉड्युलेशन म्हणतात. समजा, स्क्रीन सेकंदाला 240 वेळा लुकलुकते आहे. म्हणजे एक फेरा साधारण 4 मिलिसेकंदांचा. ब्राइटनेस पाव ठेवला, तर त्यातला 1 मिलिसेकंद उजेड आणि 3 मिलिसेकंद अंधार. जितका ब्राइटनेस कमी, तितका अंधाराचा वाटा मोठा. नाइट लाइट फक्त रंग पिवळट करतो आणि डार्क मोड पांढऱ्याचा काळा करतो. ही उघडझाप दोन्हींमुळे थांबत नाही. 120 हर्ट्‌झचा रिफ्रेश रेटही वेगळी गोष्ट आहे. तो चित्र किती वेळा बदलतं ते सांगतो, प्रकाश किती वेळा विझतो ते नाही.

नजर स्थिर असताना हे जाणवत नाही. पण वाचताना डोळा सरकत नाही, उड्या मारतो, आणि त्या उडीत एकाच अक्षराच्या अनेक सुट्या प्रती डोळ्याच्या पडद्यावर उमटतात. खोलीत अंधार करा, मंद पांढऱ्या स्क्रीनसमोर पेन झटपट हलवा. प्रकाश स्थिर असेल तर पेनाचा सलग धूसर पट्टा दिसतो; लुकलुकत असेल तर पंख्याच्या पात्यांसारखी सुटी सुटी पेनं दिसतात.

मी रात्री मोबाइलवर प्रुफं तपासते, त्यामुळे माझ्या फोनवर हे नीट मोजून पाहिलं. घरातल्या दुसऱ्या फोनच्या कॅमेऱ्यात प्रो मोड लावला, शटर 1/2000 केलं आणि माझ्या फोनवरचं कोरं पांढरं पान त्यातून पाहिलं. शटर इतकं जलद हवंच. 1/50 ठेवलंत तर एका फोटोत जवळजवळ पाच फेरे मिसळतात आणि पट्टे पुसले जातात. मग ऑटो ब्राइटनेस बंद करून स्लायडर हळूहळू खाली आणला. 100 पासून 50 टक्क्यांपर्यंत एखादी फिकट रेघ सरकत होती. 45 च्या आसपास एकदम जाड, काळेकुट्ट पट्टे आले. माझ्या फोनचा उंबरठा तो. तुमचा वेगळा असेल, तो असाच शोधा.

उपाय याच उंबरठ्यावर बेतलेला आहे. स्लायडर त्याच्या थोडा वर ठेवायचा (मी 55 वर ठेवते) आणि उरलेला अंधार सॉफ्टवेअरने करायचा, म्हणजे पिक्सेललाच कमी उजळ रंग द्यायचा. अँड्रॉइड 12 पासून त्यासाठी Extra dim आहे. आयफोनवर Settings > Accessibility > Display & Text Size मध्ये Reduce White Point आहे आणि Auto-Brightness बंद करायची सोयही त्याच पानावर तळाशी आहे. ती बंद केली नाहीत, तर खोलीत अंधार होताच फोन स्वतःच उंबरठ्याखाली जातो आणि सगळी खटपट वाया जाते.

हे केल्यावर कॅमेऱ्याने पुन्हा बघाच. पट्टे परत आले, तर तुमच्या फोनमधलं ते सेटिंग पिक्सेलचा रंग नव्हे, स्क्रीनचा ब्राइटनेसच कमी करतं आहे. मग कमी तीव्रतेवर ठेवून पाहा.

काही फोनमध्ये थेट सोय असते. डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये DC dimming किंवा Flicker prevention शोधा. आयफोन 17 मध्ये Display Pulse Smoothing आलं आहे. यांची किंमत रंगांत मोजावी लागते: गडद राखाडी भाग डागाळलेला किंवा किंचित हिरवट-गुलाबी दिसू शकतो. वाचायला मला ते चालतं, रात्री फोटो निवडताना मी बंद करते.

नवा फोन घेणार असाल तर लुकलुकण्याचा नुसता हर्ट्‌झचा आकडा बघू नका, दर फेऱ्यात प्रकाश किती खाली उतरतो तेही बघा. एलईडी दिव्यांसाठी आयट्रिपलई या अभियंत्यांच्या संस्थेची 2015 ची शिफारस आहे. तिच्या हिशेबाने 240 हर्ट्‌झला चढउतार साधारण 19 टक्क्यांच्या आत असला तर धोका कमी. पूर्ण विझणाऱ्या स्क्रीनचा चढउतार त्याच्या पाचपट होतो.

आठवडाभर उंबरठ्याच्या वर राहून पाहा. एवढं करूनही डोकं तसंच जड राहिलं, तर कारण लुकलुकणं नसावं. चष्म्याचा नंबर आणि डोळ्यांचा कोरडेपणा डॉक्टरांकडून तपासून घ्या.