ऑर्डरच्या आधी तक्रार तपासा

प्रश्न: लोणच्याच्या घरगुती धंद्याला व्हॉट्सॲपवर ऑर्डर, तक्रार, चौकशी, स्पॅम सगळं एकत्र येतं. आपोआप वाटून देणारा डिसिजन ट्री कसा लावू?

उत्तर: फांद्यांचा, म्हणजे एकामागून एक तपासायच्या अटींचा, क्रम महत्त्वाचा. बहुतेक जण आधी ‘ऑर्डर’ हा शब्द शोधतात. मग ‘कालची ऑर्डर मिळाली, पण २ किलोची बरणी फुटलीय’ हा मेसेज पॅकिंगकडे जातो आणि तिथे नवी बरणी भरून वर बिलही लागतं!

म्हणून आधी स्पॅम: अनोळखी नंबर आणि लिंक, दोन्ही असेल तरच. मॅपची लिंक मात्र सोडा, नवं गिऱ्हाईक पत्ता तसाच पाठवतं. मग तक्रार: ‘फुटली’, ‘आली नाही’, ‘खराब’, ‘पैसे परत’. हे थेट तुमच्याकडे.

त्यानंतर चौकशी. ‘कैरीचं २ किलो कितीला?’ यात माल आणि वजन दोन्ही आहे, तरी ती ऑर्डर नव्हे; ‘किती’, ‘भाव’, ‘मिळेल का’ आधी पाहा. शेवटी माल आणि वजन दोन्ही असेल तर पॅकिंगकडे. ‘पाव’, ‘अर्धा’, ‘दीड’ यादीत घाला, बरेच जण आकडा लिहीतच नाहीत. उरलेलं सगळं माणसाने वाचायचं. तो ढीग वाढू लागला, की शब्दांची यादी अपुरी पडतेय असं समजा.